ओव्हरलॅप दुप्पट केला, ताकद दुप्पट का झाली नाही?

"सर, आम्ही पर्यटक बोटींसाठी ॲल्युमिनियमची छते आणि इंजिन-कव्हर बनवतो. रिव्हेट कमी करून इपॉक्सीने सांधे करता येतील का हे पाहण्यासाठी ५०८३ एच११६ च्या २ मिलिमीटर जाडीच्या, २५ मिलिमीटर रुंद पट्ट्या साध्या लॅप जॉइंटने चिकटवून ओढून तोडल्या. ओव्हरलॅप १२.५ मिलिमीटर असताना सांधा सरासरी ४.९ किलोन्यूटनला तुटला, २५ ला ७.१ आणि ५० ला फक्त ८.६. तुटलेल्या दोन्ही पृष्ठांवर इपॉक्सीचा थर दिसतो, म्हणजे सफाई नीट झाली असावी. पट्ट्या मात्र सांध्यापाशी थोड्या वाकलेल्या राहतात. चौपट जागा चिकटवूनही दुप्पट ताकद मिळत नाही, तर बाकीचा गोंद काय करतो?"

मधला गोंद जवळजवळ काहीच करत नाही. तुमचा गोंद वाईट नाही आणि पृष्ठभागाची तयारीही तुम्ही सांगता त्यावरून ठीक दिसते. लॅप जॉइंटमध्ये भार एका पट्टीतून दुसऱ्या पट्टीत प्रामुख्याने ओव्हरलॅपच्या दोन टोकांजवळ जातो, आणि तुम्ही ओव्हरलॅप वाढवता तेव्हा लांबी वाढते ती नेमकी मधल्या रिकामटेकड्या भागाची. पट्ट्या वाकलेल्या राहतात ही तुमच्या पत्रातली सगळ्यांत महत्त्वाची खूण आहे. तिच्याकडे मी पुढे येतो, कारण ती दुसऱ्याच एका प्रतिबलाची गोष्ट सांगते.

आधी एक प्रयोग करून पाहा, त्याला खर्च काहीच नाही. टायर पंक्चरवाल्याकडून जुन्या ट्यूबच्या दोन पट्ट्या कापून आणा आणि जुन्या योगा-मॅटचा १०० मिलिमीटर लांबीचा तुकडा त्या दोघींच्या मध्ये रबर सोल्युशनने चिकटवा. इथे ट्यूब म्हणजे तुमचे ॲल्युमिनियम आणि फोम म्हणजे गोंद. फोमच्या कडेवर बॉलपेनने दर ५ मिलिमीटरवर उभ्या रेघा मारा आणि पट्ट्या विरुद्ध दिशांना ओढा. टोकांकडच्या रेघा चांगल्याच तिरक्या होतील, मधल्या मात्र जवळजवळ उभ्याच राहतील. रेघेचा तिरकेपणा म्हणजे त्या जागचा शिअर, त्यामुळे तुमच्या सांध्यात काय चालले आहे ते डोळ्यांसमोर उभे राहते. आणखी जरा जोराने ओढलेत तर सगळा सांधा किंचित फिरून तिरका होतो आणि ट्यूबची मोकळी टोके फोमपासून उचलली जाऊ पाहतात, तेही लक्षात ठेवा.

असे होण्याचे कारण गोंदात नसून पट्टीच्या ताणले जाण्यात आहे. डावीकडून येणाऱ्या पट्टीत ओव्हरलॅप सुरू होतो तिथे पूर्ण भार असतो, म्हणून ती तिथे सर्वाधिक ताणलेली असते. त्याच जागी दुसरी पट्टी नुकतीच सुरू झालेली असते, तिच्यात भार शून्य आणि ताणही शून्य. या दोघींच्या ताणण्यातला फरक मधल्या गोंदाला सोसावा लागतो. पुढे जाल तसा पहिलीतला भार उतरत जातो, दुसरीतला चढत जातो, आणि मध्यावर दोघी सारख्याच ताणलेल्या असल्यामुळे एकमेकींवरून सरकण्याचे प्रमाण तिथे सर्वांत कमी असते. उजव्या टोकाला हाच प्रकार उलट क्रमाने घडतो. भार संपूर्ण क्षेत्रावर एकदम न पसरता टोकाकडून आत जाताना मागे मागे पडत जातो, यालाच शिअर लॅग म्हणतात. पट्ट्या ताठ, अजिबात न ताणणाऱ्या असत्या तर प्रतिबल सर्वत्र सारखे राहिले असते आणि तुमचा दुप्पट-चौपटीचा हिशेब अचूक ठरला असता.

"ॲल्युमिनियम असे कितीसे ताणणार?" असा प्रश्न माझ्याकडे येणारे बहुतेक तरुण विचारतात. म्हणून आकडा पाहू. २५ मिलिमीटर रुंदीच्या पट्टीवर २५०० न्यूटन भार लावला तर धातूतले प्रतिबल ५० मेगापास्कल होते आणि धातू दर मिलिमीटरमागे साधारण ०.७ मायक्रॉन ताणतो. हे नगण्य वाटते, पण गोंदाचा थर ०.२ मिलिमीटर जाडीचा आहे, आणि याच भाराखाली टोकाजवळ गोंदाच्या दोन पृष्ठांमधले सरकणे जेमतेम २.७ मायक्रॉन असते. म्हणजे धातूच्या अवघ्या ४ मिलिमीटर लांबीतली वाढ गोंदाच्या संपूर्ण सरकण्याएवढी भरते. तुलना मीटरशी न करता गोंदाच्या जाडीशी केली की धातू किती "मऊ" आहे ते कळते.

तुम्ही रिव्हेटकडून गोंदाकडे येत आहात म्हणून एक गोष्ट सांगतो. या सांध्याचे पहिले गणित जर्मनीत फोल्करसेन याने १९३८ मध्ये मांडले, आणि त्याचा मूळ विषय गोंद नव्हताच. विमानाच्या पत्र्यांतल्या रिव्हेटच्या रांगेत कोणत्या रिव्हेटवर किती भार येतो हे त्याला काढायचे होते. भाराच्या दिशेने दहा रिव्हेट एका रांगेत ठोकले तर पहिला आणि शेवटचा सर्वाधिक भार घेतात आणि मधले आरामात असतात, हे तुमच्या जुन्या कारागिरांनी सैल झालेल्या टोकाच्या रिव्हेटांवरून पाहिलेले असेल. गोंदाचा थर म्हणजे एकमेकांना लागून ठोकलेल्या अगणित बारीक रिव्हेटांची रांग, असे समजले की गणित तेच राहते.

दोन्ही पट्ट्या एकाच धातूच्या आणि एकाच जाडीच्या असतील तर फोल्करसेनचे सूत्र फार छोटे होते:

```
w    = sqrt( 2*G / (E*t*h) )
peak = (P*w/2) / tanh(w*L/2)
mid  = (P*w/2) / sinh(w*L/2)
```

यात `P` हा रुंदीच्या दर मिलिमीटरवरचा भार, `L` ओव्हरलॅप, `t` पट्टीची जाडी, `E` धातूचा लवचिकता गुणांक, `h` गोंदाची जाडी आणि `G` गोंदाचा शिअर गुणांक. तुमच्या सांध्यासाठी `E` ७०,००० मेगापास्कल, `t` २ मिलिमीटर आणि `h` ०.२ मिलिमीटर घेऊ. कडक इपॉक्सीचा `G` सुमारे १००० मेगापास्कल धरता येतो. यावरून `w` येतो ०.२६७ प्रति मिलिमीटर. त्याचा व्यस्त काढला तर ३.७ मिलिमीटर मिळतात, आणि या सांध्याबद्दल लक्षात ठेवण्यासारखी एकच लांबी असेल तर ती हीच आहे: टोकापासून दर ३.७ मिलिमीटर आत गेलो की प्रतिबल साधारण एक तृतीयांशाहून थोडे अधिक एवढेच उरते.

आता तोच २५०० न्यूटनचा भार, म्हणजे दर मिलिमीटरला १०० न्यूटन, तुमच्या तिन्ही ओव्हरलॅपवर लावून पाहा. १२.५ मिलिमीटरच्या सांध्यात सरासरी प्रतिबल ८ मेगापास्कल आणि टोकाचे १४.३ येते. २५ मिलिमीटरला सरासरी निम्मी होऊन ४ वर येते, पण टोकाचे प्रतिबल १३.४ असते. ५० मिलिमीटरला सरासरी २ आणि टोकाचे पुन्हा १३.४, फरक इतका बारीक की पहिल्या दशांशात दिसतही नाही. मध्यावर मात्र २५ च्या सांध्यात जवळपास ०.९५ मेगापास्कल असते आणि ५० च्या सांध्यात ०.०३. वेगळ्या शब्दांत सांगायचे तर २५ च्या सांध्यात दोन्ही टोकांची ५-५ मिलिमीटर मिळून जवळजवळ तीन चतुर्थांश भार वाहून नेतात आणि मधल्या १५ मिलिमीटरच्या वाट्याला उरलेला पाव भाग येतो. ५० च्या सांध्यात तुम्ही याच मधल्या भागात आणखी २५ मिलिमीटर घातलेत.

डेटाशीटवर छापलेल्या "लॅप शिअर स्ट्रेंग्थ" या आकड्याचा सापळाही इथेच आहे. तो आकडा बहुधा एएसटीएम डी१००२ सारख्या चाचणीतून आलेला असतो, ज्यात १.६ मिलिमीटरच्या धातूवर १२.७ मिलिमीटरचा ओव्हरलॅप असतो, आणि तुटण्याच्या भाराला क्षेत्रफळाने भागून आलेली ती सरासरी असते. दोन गोंदांची तुलना करायला किंवा आलेला नवा डबा जुन्यासारखाच आहे का हे तपासायला तो आकडा उत्तम आहे. त्याला आपल्या सांध्याच्या क्षेत्रफळाने गुणून भार काढणे ही चूक मी स्वतः नोकरीच्या पहिल्या वर्षी केलेली आहे.

इथवर वाचून तुम्ही म्हणाल की टोकाचे प्रतिबल बदलतच नसेल तर ७.१ वरून ८.६ किलोन्यूटन तरी का झाले. प्रश्न रास्त आहे आणि तो सूत्राच्या मर्यादेवर बोट ठेवतो. तुमच्या तिन्ही तुटण्याच्या भारांना सूत्राने टोकाचे प्रतिबल काढले तर अनुक्रमे २८, ३८ आणि ४६ मेगापास्कल येते. गोंद काचेसारखा ठिसूळ असता तर हे तिन्ही आकडे सारखे आले असते, कारण टोकाला ठरावीक प्रतिबल आले की तो तडकला असता. ते वाढत जातात याची दोन कारणे आहेत. पहिले असे की बरेचसे आधुनिक इपॉक्सी टोकाला मर्यादा गाठल्यावर लगेच न तुटता प्लास्टिक अवस्थेत, म्हणजे परत मूळ जागी न येता, थोडे सरकतात, आणि मग शेजारच्या गोंदाला भार उचलावा लागतो. हार्ट-स्मिथ या अभियंत्याने १९७३ मध्ये हे प्लास्टिक वागणे गणितात आणले, आणि तेव्हापासून गोंदाची खरी कुवत त्याच्या कमाल प्रतिबलाने न मोजता प्रतिबल-विकृती आलेखाखालच्या क्षेत्रफळाने मोजण्याची रीत पडली. दुसरे कारण पट्ट्या वाकण्याशी संबंधित आहे.

फोल्करसेनच्या गणितात पट्ट्या फक्त ताणल्या जातात, वाकत नाहीत. साध्या लॅप जॉइंटमध्ये दोन्ही पट्ट्यांच्या मध्यरेषा एका ओळीत नसतात. तुमच्या सांध्यात त्यांच्यात २.२ मिलिमीटरचे अंतर आहे. ओढले की दोन्ही बाजूंचे बल एका रेषेत येऊ पाहते, सांधा फिरतो, आणि ओव्हरलॅप जिथे सुरू होतो नेमक्या तिथे पट्टी वाकते. गोलँड आणि रायस्नर यांनी १९४४ मध्ये हे वाकणे हिशेबात घेतले. त्यांच्या पद्धतीने २५ मिलिमीटर ओव्हरलॅप आणि २५०० न्यूटन भारासाठी मोमेंट-गुणांक, म्हणजे पट्टी किती जोराने वाकवली जाते हे सांगणारा आकडा, सुमारे ०.६५ येतो. परिणामी धातूतल्या ५० मेगापास्कल प्रतिबलात वाकण्याचे साधारण ९७ मिळून, गोंदाकडच्या पृष्ठभागावर सांध्याच्या टोकाशी १४७ च्या आसपास प्रतिबल उभे राहते. हे जवळजवळ तिप्पट झाले. तुमचा सांधा तुटला तो ७.१ किलोन्यूटनला, तेव्हा सरळ ताणाचे प्रतिबलच १४२ होते. जास्त भाराला सांधा फिरून थोडा सरळ होत असल्यामुळे गुणांक ०.५३ पर्यंत उतरतो, तरीही हिशेब साडेतीनशे मेगापास्कलच्या पुढे जातो. ५०८३ एच११६ ची यिल्ड मर्यादा २१५ च्या आसपास असते. म्हणजे त्या जागी धातू कायमचा वाकणारच, आणि तुम्ही पाहिला तो हाच बाक. तुटलेल्या पट्टीवर स्टीलची मोजपट्टी उभी धरून उजेडाकडे पाहा. बाक नेमका ओव्हरलॅपच्या कडेपाशी सुरू झालेला दिसेल. ओव्हरलॅप लांब असला की हा गुणांक कमी होतो, ५० मिलिमीटरला ८.६ किलोन्यूटनवर तो ०.३७ च्या जवळ येतो, आणि लांब सांध्याला मिळालेल्या जादा ताकदीचा काही वाटा या कमी वाकण्याचा आहे.

वाकण्याने धातूचे जे होते ते होवो, गोंदावर त्याचा परिणाम अधिक वाईट असतो. पट्टी वाकली की दुसरीचे मोकळे टोक तिच्यापासून उचलले जाते, आणि गोंदावर शिअरच्या जोडीला सोलून काढणारे, म्हणजे पीलचे, प्रतिबल येते. ते शिअरपेक्षाही टोकाच्या कमी लांबीत एकवटलेले असते. शिअरमध्ये गोंद बराच चिवट असतो. पीलमध्ये तोच गोंद फार लवकर हार मानतो. चिकटपट्टी ओढून निघत नाही, पण नखाने कोपरा उचलला की सरळ सुटत येते, तसे.

हे मी एका बोटयार्डात फार खर्चिक रीतीने शिकलो. तिथे हॅचच्या झाकणाखाली ॲल्युमिनियमची मजबुतीची पट्टी इपॉक्सीने चिकटवली होती, वेल्डिंगने पत्रा वेडावाकडा होतो म्हणून. पहिल्या पावसाळ्यानंतर पट्टीची दोन्ही टोके बोटभर उचललेली आढळली. उरलेली पट्टी छिन्नी मारूनही सुटत नव्हती, इतकी घट्ट होती. मी लांबी कमी पडली असे समजून जास्त लांब पट्टी चिकटवायला सांगितले, आणि पुढच्या चवथीच्या आधी ती नव्या टोकांवर तशीच उचलली गेली. शेवटी तिथल्या एका वयस्क फिटरने पट्टीचे टोक फाईलने उतरते केले, गोंद पुसून न टाकता तिथे उतारासारखा ठेवला, आणि ती पट्टी टिकली. त्याला फोल्करसेन ठाऊक नव्हता. लाकडी होडीची फळी टोकाला पातळ करतात तसे केले, एवढेच तो म्हणाला.

आपल्याकडे पावसाळ्याचा आणि खाऱ्या हवेचा यात मोठा हात असतो. पाणी गोंदात शिरते ते उघड्या कडेवरून, आणि उघडी कड म्हणजे तेच टोक, जिथे शिअर आणि पील दोन्ही सर्वाधिक आहेत. ओलाव्याने इपॉक्सी मऊ पडतो आणि ॲल्युमिनियमवरचा ऑक्साइडचा थर जलयुक्त होऊन कमकुवत होतो. असा सांधा तुटला की टोकाकडची पट्टी स्वच्छ धातूसारखी चकाकते किंवा तिच्यावर पांढुरकी भुकटी दिसते, आणि आत गेल्यावर गोंदाचा थर दोन्ही बाजूंना शाबूत असतो. तुमचे नमुने कोरडे आणि ताजे होते म्हणून दोन्ही पृष्ठांवर गोंद दिसला. ते चांगले लक्षण असले तरी जुलैतल्या सांध्याबद्दल ते काही सांगत नाही.

आता काय करावे ते. सर्वांत स्वस्त सुधारणा अशी की दाबल्यावर बाहेर आलेला गोंद खरवडून काढणे बंद करा. सांधा सुबक दिसावा म्हणून कारागीर पुट्टीच्या पात्याने तो कडेशी सपाट करतात आणि त्यामुळे पट्टीचे टोक काटकोनात, उघडे राहते. त्याऐवजी त्या गोंदाला पट्टीच्या पूर्ण जाडीइतका, ४५ अंशांचा उतार द्या, म्हणजे भार टोकावर अचानक न येता त्या उतारातून हळूहळू चढतो. मोकळ्या कडेवर शिअर प्रतिबल शून्यच असावे लागते, त्यामुळे सूत्राने दाखवलेले टोकाचे शिखर प्रत्यक्षात कडेच्या किंचित आत असते. उतारामुळे ते आणखी बोथट होते. हाताने हे करायला एका सांध्यामागे मिनिटभर लागते. फक्त उतारात हवेचे बुडबुडे राहता कामा नयेत, नाहीतर तडा तिथूनच निघतो.

दुसरी सुधारणा पट्टीच्या मोकळ्या टोकाला उतार देण्याची. गोंदाच्या विरुद्ध बाजूने, बाहेरच्या पृष्ठावर, शेवटच्या १० मिलिमीटरमध्ये जाडी २ वरून साधारण अर्ध्या मिलिमीटरपर्यंत उतरवा. टोक लवचिक झाले की ते दुसऱ्या पट्टीच्या वाकण्याबरोबर वाकते, तिच्यापासून उचलले जात नाही, आणि पील मोठ्या प्रमाणात उतरते. धार मात्र ठेवू नका, ती हाताळताना वाकते आणि बसवण्याआधीच गोंद सुटतो.

तिसरा मार्ग गोंद बदलण्याचा, आणि तो मी थोडा विचार करूनच सुचवतो. टोकाचे प्रतिबल गोंदाच्या शिअर गुणांकाच्या वर्गमुळावर अवलंबून असते. हा गुणांक १००० ऐवजी १०० मेगापास्कल असलेला चिवट मेथाक्रिलेट गोंद घेतला, तर २५ मिलिमीटरच्या सांध्यात त्याच २५०० न्यूटनखाली टोकाचे प्रतिबल १३.४ वरून ५.४ वर येते आणि मधला गोंदही कामाला लागतो. बोटींच्या कामात हे गोंद लोकप्रिय होण्यामागे हे एक मोठे कारण आहे. मात्र मऊ गोंद सतत भाराखाली हळूहळू सरकत राहतो, आणि एप्रिल-मे महिन्यांत तुमच्या छताचा पत्रा अनवाणी पाय ठेवता येणार नाही इतका तापतो, तेव्हा हे सरकणे वाढते. म्हणून अशा गोंदाची चाचणी खोलीच्या तापमानावर करून थांबू नका; नमुन्याला वजन टांगून तो उन्हात तापलेल्या पत्र्यावर काही आठवडे ठेवा आणि कडेवर मारलेल्या रेघा सरकतात का ते पाहा.

गोंदाच्या जाडीबाबत सूत्राचे आंधळेपणाने ऐकू नका. ०.२ ऐवजी ०.५ मिलिमीटर जाडी घेतली की सूत्र टोकाचे प्रतिबल ८.७ वर आलेले दाखवते, पण कडक इपॉक्सीच्या प्रत्यक्ष चाचण्यांत जाड थर अनेकदा कमी भाराला तुटतो. जाड थरात बुडबुडे आणि दोष अधिक असतात, मध्यरेषांमधले अंतर वाढते आणि प्लास्टिक झालेला भाग पसरतो. अशा इपॉक्सीसाठी ०.१ ते ०.३ मिलिमीटरच्या दरम्यान राहा, आणि ती जाडी क्लॅम्पच्या दाबावर न सोडता गोंदात बारीक काचमणी मिसळून राखा. नुसते क्लॅम्प आवळले तर टोकाकडचा गोंद बाहेर ढकलला जातो, आणि जिथे तो सर्वाधिक हवा तिथेच थर उपाशी राहतो.

पट्ट्या असमान असतील, म्हणजे ॲल्युमिनियमचा कोन फायबरग्लासच्या पत्र्याला चिकटवायचा असेल, तर दोन्ही टोके सारखी राहत नाहीत. जिथे ताठ भाग संपतो आणि मऊ भाग भार घेऊन आत येतो, तिथले शिखर उंच असते. शिवाय फायबरग्लास गोंदाआधीच स्वतःच्या वरच्या थरातून सोलला जातो. तुटलेल्या ॲल्युमिनियमवर काचेचे धागे चिकटून आलेले दिसले तर दोष गोंदाचा नसतो. अशा ठिकाणी उतार ॲल्युमिनियमच्या टोकाला द्यावा.

रिव्हेट पूर्ण काढायचे की नाही हा तुमचा न विचारलेला प्रश्न आहेच. गोंद आणि रिव्हेट एकत्र असताना, गोंद शाबूत असेपर्यंत रिव्हेट फारसा भार घेत नाही, कारण गोंद त्याच्यापेक्षा कितीतरी ताठ आहे. पण टोकाजवळ एखादा रिव्हेट असेल तर तो टोक उचलू देत नाही आणि निघालेला तडा थोपवतो. इंजिन-कव्हरवर सतत थरथर असते, आणि थकव्यात टोकाचे शिखरच निर्णायक ठरते, तिथे मी टोकाचे रिव्हेट काढणार नाही. भोक पाडल्यावर आत गोंद भरूनच रिव्हेट बसवा, नाहीतर खाऱ्या पाण्याला तुम्ही स्वतःच नवे दार उघडून द्याल.

लांब ओव्हरलॅप अगदी फुकट जातो असे मात्र नाही. मध्यावर जवळजवळ भारविरहित पट्टा असणे ही उन्हात सरकण्याविरुद्धची राखीव बाजू आहे: तो भाग ताणाखाली नसल्यामुळे सांध्याला मूळ जागी धरून ठेवतो. मध्यावरचे प्रतिबल टोकाच्या दहाव्या हिश्श्याच्या आत असावे असा एक ढोबळ पण उपयोगी ठोकताळा आहे. तुमच्या २५ मिलिमीटरच्या सांध्यात ते टोकाच्या ७ टक्के आहे, म्हणजे कडक इपॉक्सीसाठी तो ओव्हरलॅप पुरेसा आहे. मी ३० वर थांबेन. मऊ मेथाक्रिलेट घेतलात तर मात्र ५० मिलिमीटर वाया जाणार नाहीत, कारण तिथे ती लांबी ३.७ ऐवजी सुमारे १२ मिलिमीटर होते.

पुढच्या वेळी लांबी न बदलता २५ मिलिमीटरवरच चार प्रकारचे नमुने करा: कड खरवडलेले, ४५ अंशांचा उतार ठेवलेले, टोक उतरते केलेले, आणि दोन्ही केलेले. प्रत्येकी दहा तरी असू द्या, कारण या चाचणीत एकाच हाताने केलेल्या नमुन्यांतही चांगलाच फरक पडतो. त्यांतले अर्धे लगेच ओढा, उरलेले दोन महिने मिठाच्या पाण्यात बुडवून मग ओढा, आणि तुटलेली टोके भारांच्या आकड्यांइतक्याच बारकाईने पाहून त्यांचे फोटो काढून ठेवा.